नळ बंद होताना पाइपात काय घडतं

वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरून झालं की आतला सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद होतो आणि भिंतीतून ‘ठक्’ असा आवाज येतो. काही इमारतींत हा आवाज दोन मजले वरही ऐकू जातो. मशीन खराब झालं, पाइपात हवा भरली, टाकीचं प्रेशर वाढलं, असे तर्क लढवले जातात. प्लंबरच्या भाषेत याला वॉटर हॅमर म्हणतात. भिंतीआड चाललेला हा प्रकार उघड्यावर आणून मोजण्याचा एक सोपा प्रयोग आहे. तो अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत करता येतो. लांब पाइप, झटकन बंद होणारा व्हॉल्व्ह आणि वेगवान सेन्सर एवढ्यावर काम भागतं.

आधी पाइपात काय होतं ते पाहू. पाणी वाहतंय आणि शेवटचा व्हॉल्व्ह एकदम मिटला. व्हॉल्व्हला टेकलेलं पाणी थांबतं, पण त्याच्या मागच्या पाण्याला याची अजून खबर नसते, ते पुढे येतच राहतं. मालगाडीचं इंजिन अचानक थांबलं की डबे एकामागून एक पुढच्या डब्यावर आदळत जातात, तसं पाण्याचं होतं. थर पुढच्या थरावर दाबला जातो, किंचित आकसतो आणि थांबतो. ही थांबण्याची लाट व्हॉल्व्हकडून टाकीच्या दिशेने उलटी धावते, आणि जिथे ती पोचली तिथला दाब वाढलेला असतो. पाणी दाबलं जात नाही असं आपण शाळेत शिकतो, पण ते अगदी थोडं दाबलं जातं. पाइपही किंचित फुगतो. या दोन्ही गोष्टी नसत्या तर व्हॉल्व्ह मिटताक्षणी दाब अमर्याद वाढला असता.

मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यातल्या मुख्य वाहिन्यांवरच्या या धक्क्यांचा अभ्यास निकोलाय झुकोव्स्की यांनी 1897 आणि 1898 मध्ये केला. पुढे ते रशियन विमानविद्येचे जनक म्हणून ओळखले गेले. अलेक्सेयेव्स्काया पंपिंग स्टेशनच्या आवारात त्यांनी 2, 4 आणि 6 इंची पाइप टाकून, शेवटचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद करून ठिकठिकाणचा दाब नोंदवला. त्यातून आलेलं सूत्र आजही वापरात आहे:

ΔP = ρ × a × ΔV

दाबातली वाढ म्हणजे पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि पाण्याच्या वेगात झालेली घट यांचा गुणाकार. या सूत्रात काय आहे यापेक्षा काय नाही ते बघण्यासारखं आहे. टाकीचा दाब त्यात नाही आणि पाइपाची लांबीही नाही. म्हणजे धक्का किती मोठा बसणार हे पाणी किती जोरात वाहत होतं यावर ठरतं, नळाला किती प्रेशर होतं यावर नाही. प्रेशर कमी केल्यावर आवाज कमी होतो, कारण त्याने पाण्याचा वेग उतरतो.

आता प्रयोगाची मांडणी. अर्धा इंची मध्यम दर्जाचा जीआय पाइप घ्यायचा, एकूण 30 मीटर, भिंतीलगत पुढेमागे नेलेला. प्रत्येक मीटरवर क्लॅम्प हवा, नाहीतर धक्क्याची बरीच ऊर्जा पाइप हलवण्यात जाते आणि मोजमाप बिघडतं. एका टोकाला स्थिर दाबाची टाकी, म्हणजे हवेची उशी असलेलं मोठं प्रेशर व्हेसल. नुसता पंप चालत नाही, कारण परत येणारी लाट जिथून उलटायची ती जागा दाब न बदलणारी हवी. दुसऱ्या टोकाला लिव्हरचा बॉल व्हॉल्व्ह. त्याच्या लिव्हरवर ताणलेली स्प्रिंग असते. खटका सोडला की व्हॉल्व्ह साधारण 20 मिलिसेकंदांत मिटतो. पाण्याचा वेग ठरवणारी चावी बॉल व्हॉल्व्हच्या पुढे, बाहेर पडण्याच्या बाजूला बसवायची. ती अलीकडे बसवली तर लाट तिच्यावर आपटून अर्धवट मागे फिरते आणि आलेख वाचता येत नाही.

पाण्याचा वेग मोजायला महाग मीटर लागत नाही. या पाइपाचा आतला व्यास 16 मिलिमीटर, म्हणजे आतलं क्षेत्रफळ सुमारे 2 चौरस सेंटिमीटर. 15 लिटरची बादली 50 सेकंदांत भरली तर सेकंदाला 300 मिलिलिटर पाणी येतंय आणि वेग सेकंदाला दीड मीटर आहे. बादली आणि स्टॉपवॉचचं हे मोजमाप दोन-तीन टक्क्यांच्या चुकीत बसतं, आणि या कामाला तेवढं पुरतं.

दाब मोजताना मात्र नेहमीचा काट्याचा गेज अजिबात उपयोगाचा नाही. त्याच्या आतली वाकडी नळी, दातेरी चक्र आणि काटा यांना हलायला वेळ लागतो, आणि इथला सगळा खेळ काही शतांश सेकंदांत आटोपतो. काटा कधी खऱ्या दाबाच्या निम्म्यावरून परततो, कधी झोकात पुढे जाऊन जास्त दाखवतो. तो आकडा वहीत लिहून घेणं म्हणजे निव्वळ फसवणूक. इथे दाबाला एका मिलिसेकंदाच्या आत प्रतिसाद देणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर हवा, किमान 40 बारपर्यंतचा. त्याची नोंद सेकंदाला निदान 5,000 वेळा घ्यायची. सेन्सर व्हॉल्व्हच्या अगदी जवळ बसवायचा आणि पाइप व सेन्सर यांच्यामधला निपल आखूड ठेवायचा. त्या निपलमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर तोच छोटा अरेस्टर बनतो आणि शिखर कापलं जातं. म्हणून सेन्सरचा आटा थोडा सैल करून, पाणी बुडबुड्यांशिवाय ठिबकायला लागलं की मगच तो घट्ट करायचा.

पहिला फटका मुद्दाम हळू वेगाचा घ्यावा असं माझं आग्रहाचं मत आहे. पुष्कळ जण थेट मोठ्या प्रवाहाने सुरुवात करतात, दणका बसतो, सगळे खूश होतात, पण आलेखातलं काही कळत नाही. चावी इतकी फिरवा की 1 लिटरचं माप भरायला 33 सेकंद लागतील. म्हणजे वेग सेकंदाला 15 सेंटिमीटर. वाहत्या पाण्याचा व्हॉल्व्हजवळचा दाब 2 बार ठेवा. खटका सोडला की आलेख 2 बारवरून सरळ उभा चढतो, 4.1 बारला पोचतो आणि तिथे सपाट राहतो. सुमारे 42 मिलिसेकंदांनी तो तसाच सरळ खाली येतो, शून्याच्या किंचित खाली जातो, तिथे तेवढाच वेळ थांबतो आणि पुन्हा वर चढतो. चौकोनी कंगोऱ्यांची ही रांग हळूहळू बुटकी आणि गोलसर होत विरून जाते.

ते 42 मिलिसेकंद म्हणजे लाटेने व्हॉल्व्हपासून टाकीपर्यंत जाऊन परत यायला घेतलेला वेळ. जाऊन-येऊन अंतर 60 मीटर, म्हणून लाटेचा वेग सेकंदाला सुमारे 1,430 मीटर. हाच वेग सूत्रात घाला: 1,000 गुणिले 1,430 गुणिले 0.15, म्हणजे सुमारे 2.1 बार वाढ. आलेखाची उंची तेवढीच आहे. लांबी आणि घड्याळ यांतून काढलेला वेग दाबाच्या उंचीशी जुळतो, आणि एका फटक्यात दोन बाजूंनी पडताळा मिळतो. प्रयोग नीट झाला की नाही हे इथेच कळतं. सपाट भाग 42 ऐवजी 60 मिलिसेकंद लांबला तर लाट सेकंदाला 1,000 मीटरनेच धावतेय आणि पाइपात कुठेतरी हवा आहे. 2 बार दाबाखाली पाण्यात हवेचा नुसता हजारावा भाग विखुरलेला असला तरी लाटेचा वेग निम्म्याहून खाली उतरतो, इतका हवेचा प्रभाव आहे. अशा वेळी सूत्राला दोष न देता पाइपातली हवा काढावी.

आता बादली 50 सेकंदांत भरेल इतका प्रवाह सोडा आणि दाब पुन्हा 2 बारवर आणा. या वेळी हिशोबाने वाढ 21 बारपेक्षा थोडी जास्त, म्हणजे व्हॉल्व्हजवळ एकूण 23.5 बारच्या आसपास दाब. डोळ्यांवर गॉगल हवा आणि सगळी फिटिंग्ज किमान 40 बारची हवीत. बाजारातला स्वस्त बॉल व्हॉल्व्ह इथे वापरू नये. फटका बसतो तेव्हा आवाजाआधी हाताखालच्या टेबलाला हादरा जाणवतो, आणि जवळच्या क्लॅम्पखाली भिंतीचा चुना सुटलेला दिसतो.

आलेखाचा वरचा भाग अपेक्षेप्रमाणे असतो. खालचा मात्र वेगळा. हिशोबाने दाब 2 वजा 21, म्हणजे उणे 19 बार व्हायला हवा. पाणी इतका ताण सोसत नाही. दाब जवळजवळ निर्वाताला पोचला की व्हॉल्व्हजवळचं पाणी त्याच तापमानाला वाफ होऊन फाटतं आणि तिथे पोकळी तयार होते. आलेख उणे 1 बारच्या जरासा वर सपाट पडून राहतो आणि पहिल्यासारख्या 42 मिलिसेकंदांत परतत नाही, बराच जास्त वेळ रेंगाळतो. मग उलटलेलं पाणी पोकळीवर येऊन आदळतं आणि दुसरं शिखर उमटतं. काही परिस्थितींत ही दोन लाटांची शिखरं एकमेकांवर चढतात आणि क्षणभर दाब पहिल्या फटक्याहूनही वर जातो. म्हणून पहिलं शिखर मोजून सेन्सर बंद करू नये, निदान दोन सेकंदांची नोंद घ्यावी.

मग हेच काम हळू करून बघायचं. व्हॉल्व्ह 20 मिलिसेकंदांत मिटला काय किंवा 35 मध्ये मिटला काय, शिखर तेवढंच राहतं, कारण दोन्ही वेळा तो लाट परत येण्याआधी मिटलेला असतो. 42 मिलिसेकंदांची ही सीमा ओलांडली की परत आलेली लाट व्हॉल्व्ह मिटत असतानाच दाब उतरवू लागते. पूर्ण एक सेकंद घेऊन, समान गतीने वाहतं पाणी कमी केलं तर वाढ जेमतेम 0.9 बार होते. लांबीचं महत्त्व इथे आहे. शिखर किती उंच हे लांबी ठरवत नाही, पण झटकन म्हणजे किती झटकन हे लांबीच ठरवते. उपसा सिंचनाच्या 2 किलोमीटर वाहिनीत लाट सेकंदाला 1,000 मीटरने धावत असेल तर परत यायला 4 सेकंद लागतात. घरात सावकाश वाटणारं एका सेकंदाचं मिटणं तिथे पूर्ण तडाख्याचं असतं. वीज गेल्यावर पंपापाशी एनआरव्ही आपटतो तेव्हा हेच घडतं. कोयनेसारख्या जलविद्युत प्रकल्पात बोगद्याच्या टोकाला सर्ज वेल खोदलेली असते, तीही लाटेला परतायची जागा जवळ आणून देण्यासाठी.

साध्या चावीचा एक गुण मात्र हिशोबात धरावा लागतो. गेट व्हॉल्व्ह अर्धा मिटला तरी प्रवाह फारसा कमी झालेला नसतो. पाणी खऱ्या अर्थाने शेवटच्या काही फेऱ्यांत अडतं. त्यामुळे पाच सेकंदांत फिरवलेली चावी पाण्याच्या दृष्टीने एका सेकंदातही मिटलेली असू शकते.

इथे जीआय काढून त्याच लांबीचा अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप लावला तर चित्र बदलतं. प्लास्टिक पोलादाच्या मानाने कितीतरी जास्त फुगतं, म्हणून लाट सेकंदाला 580 मीटरच्या आसपासच धावते. त्याच दीड मीटर वेगाला वाढ 9 बारच्या आत राहते. आवाजही मऊ होतो. पण म्हणून निर्धास्त होऊ नये. सीपीव्हीसीची दाब सोसण्याची क्षमता तापमानाबरोबर वेगाने उतरते. 23 अंश सेल्सिअसला जितका दाब पाइप सोसतो त्याच्या फक्त पाव भाग तो 82 अंशाला सोसतो. गरम पाण्याच्या लाइनवर रोज बसणारे छोटे धक्के बहुधा आधी सांध्यांवर उतरतात.

आता अरेस्टर. बाजारात मिळणारा वॉटर हॅमर अरेस्टर म्हणजे तांब्याची किंवा पितळेची बंद नळी. आत हवा आणि पाणी यांच्यामध्ये ओ-रिंग घातलेला पिस्टन असतो. व्हॉल्व्ह मिटला की पुढे येणारं पाणी पिस्टन ढकलतं आणि आपली ऊर्जा हवा दाबण्यात घालवतं. ही ऊर्जा किती? 30 मीटर पाइपात सुमारे 6 किलो पाणी आहे, दीड मीटर वेगाने चाललेलं, म्हणजे जवळपास 7 जूल. 2 बार दाबाला आत 100 मिलिलिटर हवा असेल तर एवढी ऊर्जा गिळताना दाब हिशोबाने 6 बारच्या जरा खाली थांबतो. अरेस्टर नसताना तो 23.5 होता. अमेरिकेतल्या प्लंबिंग अँड ड्रेनेज इन्स्टिट्यूटच्या मानकात धक्क्यानंतरचा दाब 150 पीएसआयच्या, म्हणजे सुमारे 10 बारच्या आत ठेवायचा असतो, तो इथे सहज साधतो. आलेखाचा आकारही पार पालटतो. उभे चौकोन जातात आणि त्यांच्या जागी सेकंदाभराच्या आवर्तनाची सावकाश लाट येते. टेबलाला हात लावला तर काही जाणवत नाही.

अरेस्टर व्हॉल्व्हला लागून असताना हे घडतं. तोच अरेस्टर टाकीच्या बाजूला, व्हॉल्व्हपासून 20 मीटर दूर टीवर बसवून पुन्हा खटका सोडा. आलेखात 23 बारचं शिखर परत हजर. फक्त ते आता अरुंद आहे, तळाशी जवळपास 50 मिलिसेकंद आणि टोकाशी आठ-दहा मिलिसेकंद. लाटेला व्हॉल्व्हकडून अरेस्टरपर्यंत जाऊन परत यायला 28 मिलिसेकंद लागतात, आणि व्हॉल्व्ह त्याआधी 20 मध्ये मिटून मोकळा झालेला असतो. अरेस्टर कितीही मोठा घेतला तरी हे शिखर कापलं जात नाही. गच्चीत टाकीच्या तोंडाशी महागडा अरेस्टर बसवून स्वयंपाकघरातला आवाज का जात नाही, याचं उत्तर या एका आलेखात आहे. मानकांत अरेस्टर झटकन मिटणाऱ्या व्हॉल्व्हपासून 6 फुटांच्या आत ठेवायला सांगतात, ते याच कारणाने. घरात त्याची जागा वॉशिंग मशीनच्या नळापाशीच.

शेवटची चाचणी सर्वांत जास्त वेळ खाते. अरेस्टरऐवजी त्याच जागी पाइपाचा एक उभा, वर बूच लावलेला तुकडा बसवा. पूर्वी प्लंबर भिंतीत असाच तुकडा ठेवत. आत अडकलेली हवा पहिल्या दिवशी पिस्टनइतकंच चांगलं काम करते, आलेखात फरक ओळखू येत नाही. पण इथे पाणी आणि हवा यांच्यामध्ये काही नसतं आणि दाबाखालची हवा पाण्यात विरघळत राहते. रोज ठरावीक फटके देऊन शिखराची नोंद ठेवली की ते चढत जाताना दिसतं, आणि तुकडा पाण्याने भरला की पुन्हा 23 बारवर येतं. लाइन रिकामी करून वरचं बूच उघडलं, पाणी काढलं आणि पुन्हा बसवलं की लगेच पूर्वीसारखं खाली येतं. पिस्टनच्या अरेस्टरमध्ये हा ऱ्हास फार सावकाश होतो, पण ओ-रिंग झिजली की तिथेही शिखर वर सरकू लागतं. त्यात बाहेरून काही दिसत नाही, म्हणून बसवल्या दिवशीचा आलेख जपून ठेवावा आणि वर्षाने तोच प्रवाह सोडून नव्या आलेखाशी ताडून पाहावा.

घरी सेन्सर नसतो, तिथे कानावर भागवावं लागतं. नळ मिटताक्षणी एकच जोराचा ठोका आणि त्यामागे एक-दोन मंद ठोके आले, तर तो वॉटर हॅमर. पाणी चालू असतानाच सतत घरघर किंवा थरथर ऐकू येत असेल तर तो बहुधा नळातला सैल वॉशर किंवा पाइपाचा निसटलेला क्लॅम्प असतो, आणि त्याला अरेस्टरचा काही उपयोग नाही. ठोका वॉशिंग मशीन मिटल्यावरच येत असेल तर तिच्या नळाची चावी अर्धी मिटवून एकदा मशीन चालवून बघावी. प्रवाह कमी झाला की पाण्याचा वेग उतरतो आणि वेगाच्या प्रमाणात ठोकाही उतरतो. तसा तो उतरला तर निदान बरोबर आहे, मग त्या नळापाशी अरेस्टर बसवून चावी पुन्हा पूर्ण उघडावी.